अ आणि ई मिळून ए कसा झाला?

प्रश्न : आम्ही हुडकेश्वर रोडवर राहतो. मुलगी आठवीत आहे, तिला शाळेत संस्कृत आहे. स्वरसंधी समजावताना मी आमच्याच भागाचं उदाहरण दिलं : हुडक अधिक ईश्वर, हुडकेश्वर. तिनं लगेच विचारलं, ‘अ आणि ई एकत्र आले तर ए का होतो? कवीश्वरमध्ये तर ई तशीच राहिली.’ याला गुणसंधी म्हणतात, एवढंच मला सांगता आलं. नियम पाठ आहे, कारण माहीत नाही. शिवाय मी केलेली फोड तरी बरोबर आहे का?
— एक वाचक, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : मुलीचा प्रश्न पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा चांगला आहे. तक्ता ‘अ + ई = ए’ असं सांगून मोकळा होतो, जणू कुणीतरी बसून तसं ठरवलं होतं. तसं कुणी ठरवलेलं नाही. पाणिनीनं हा नियम अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या पादात ८७ व्या सूत्रात नोंदवला, पण त्यानं लोकांच्या तोंडी जे होतं तेच नोंदवलं.

तिला एक करून पाहायला सांगा. तोंड उघडून ‘अ’ म्हणायचा आणि आवाज न तोडता जिभेला ‘इ’कडे सरकू द्यायचं. ‘अइ’ असा घसरता आवाज निघेल. संस्कृतातला ए मुळात हाच होता. पुढे घसरण्याची दोन टोकं एकमेकांजवळ आली आणि मधल्या उंचीवर एकच स्वर स्थिरावला, तो आजचा ए. ओ याच वाटेनं ‘अउ’मधून आला. जुने व्याकरणकार ए, ऐ, ओ, औ या चौघांना ‘संध्यक्षरं’ म्हणत, ते यामुळेच. म्हणजे हुडकेश्वरमध्ये अ आणि ई यांच्या जागी तिसरंच काही येऊन बसलेलं नाही. ते दोघे जुळल्यावर जो आवाज होत होता, तोच आज आपण ए म्हणून ऐकतो.

पुरावा मागाल तर घरातलेच शब्द घ्या. ‘नयन’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला. धातूचा गुण होऊन ‘ने’ झाला आणि पुढे ‘अन’ हा प्रत्यय लागला. आता ने + अन याचं ‘नयन’ होतं. ए जर पहिल्यापासून एकसंध स्वर असता, तर त्यातून य कुठून निघाला असता? पण ‘ने’ म्हणजे ‘नइ’ धरलं, तर पुढे स्वर आल्यावर शेवटची इ कडक होऊन य् होते आणि ‘नयन’ आपोआप तयार होतं. ‘भवन’चंही तसंच : भू, गुण होऊन भो, म्हणजे ‘भउ’, आणि पुढे अन आला की उ चा व्. संधी होताना ए मिटतो आणि पुढे स्वर आला की पुन्हा उलगडतो, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा पुरावा फार लांबचा आहे. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती लोकांच्या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत मितन्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या माणसाचा घोड्यांना तयार करण्यावरचा ग्रंथ आहे, साधारण इ. स. पूर्व १४०० च्या आगेमागचा. घोड्याला किती फेऱ्या मारायला लावायच्या हे सांगताना त्यात संस्कृतच्या जवळच्या भाषेतले आकडे येतात, आणि ‘एक फेरी’साठी जो शब्द आहे त्याची सुरुवात ‘अइक’ अशी आहे. आपला ‘एक’ तेव्हा ‘अइक’ होता. (‘ऐक, जरा इकडे ये’ मधल्या ‘ऐक’शी त्याचं नातं नाही.)

आता इथे मराठी माणसाची एक अडचण होते, म्हणून थोडा थांबतो. आपण ‘पैसा’, ‘मैत्री’ म्हणताना ऐ चा उच्चार ‘अइ’ करतो. त्यामुळे ‘अ आणि ई मिळून तर ऐ व्हायला हवा’ असं आपल्या कानाला वाटतं. पण संस्कृतचा ऐ मुळात ‘आइ’ होता, लांब आ असलेला. तोही उलगडून पाहा : गै + अक याचं ‘गायक’ होतं, ‘गयक’ नाही. नौ + इक याचं ‘नाविक’ होतं, ‘नविक’ नाही. आतला लांब आ उलगडताना बाहेर पडतो.

हे एकदा लक्षात आलं की वृद्धिसंधी वेगळी पाठ करावी लागत नाही. ‘सदा + एव’ घ्या. ए म्हणजे ‘अइ’. त्याच्यामागे आणखी एक आ आला, दोन अ-कार मिळून लांब आ झाला, आणि ‘आइ’ म्हणजे ऐ. म्हणून ‘सदैव’. मत + ऐक्य याचं ‘मतैक्य’, वन + औषधी याची ‘वनौषधी’, हिशेब तोच.

चिकित्सक वाचक इथे मला अडवेल : मग महा + ईश याचं ‘महैश’ का नाही? तिथेही आ आणि ई आहेतच. हा आक्षेप खरा आहे. शब्दाच्या शेवटचा आ साध्या इ, उ च्या पुढे स्वतःची लांबी टाकतो आणि अ सारखाच वागतो, म्हणून ‘महेश’. पाणिनीचा नियमही या जागी अ आणि आ यांत भेद करत नाही. उच्चाराचा हिशेब बराच लांबपर्यंत साथ देतो, पण इथे मात्र नियमच लक्षात ठेवायचा.

‘कवीश्वर’ला आता सोपं उत्तर आहे. तिथे इ च्या पुढे ई आहे. जीभ आधीच जिथे पोचायचं तिथे आहे, घसरायला जागाच नाही. दोन सारखे स्वर मिळून एक लांब स्वर होतो, तो सवर्णदीर्घ. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांचं तीर्थ आहे. त्या पंथातल्या एका आम्नायाचं नावच ‘कवीश्वर’ आहे, भास्करभट्ट बोरीकर यांच्या पदवीवरून आलेलं. हुडकेश्वर आणि कवीश्वर ही दोन नावं मुलीला शेजारी शेजारी लिहून द्या. शेवटचा ‘ईश्वर’ दोन्हीकडे एकच आहे, फरक पडला तो आधीच्या शब्दाच्या शेवटच्या स्वरामुळे.

आता तुमची फोड. उलट जायचं तर ए च्या मागे चार शक्यता असतात : अ+इ, अ+ई, आ+इ, आ+ई. पुढचा शब्द ‘ईश्वर’ आहे हे ठरलेलं असल्यानं दोन उरतात, ‘हुडक’ आणि ‘हुडका’. यापुढे संधी काही सांगत नाही. ‘सुरेश’ म्हणजे सुर + ईश आणि ‘उमेश’ म्हणजे उमा + ईश हे आपण ओळखतो, कारण सुर आणि उमा हे शब्द आपल्याला आधीच माहीत असतात. संधीत ऱ्हस्व आणि दीर्घ यांची खूण पुसली जाते आणि ती फक्त अर्थावरून भरून काढता येते. तुमची फोड नियमात बसते, एवढं नक्की. पण तेवढ्यावरून ‘हुडक’ म्हणजे काय याचा शोध लावायला जाऊ नका. उच्चार जुळतो म्हणून ‘हुडकणे’ किंवा हुडुक्का नावाचं वाद्य घेऊन गावाची कथा रचणं सोपं असतं, आणि संधीचा नियम त्यातल्या कुठल्याच कथेचा साक्षीदार होत नाही.

अशी नावं बनवण्याची रीत मात्र आपल्या भागात जुनी आहे. पाचव्या शतकात वाकाटकांच्या ताम्रपटांत ‘प्रवरेश्वर’ या देवाच्या स्थानाचा उल्लेख येतो, आणि रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननाबरोबर ते नाव चर्चेत आलं. प्रवर + ईश्वर, त्यातला ‘प्रवर’ राजा प्रवरसेनाच्या नावातला. राजाच्या किंवा देऊळ बांधणाऱ्याच्या नावाला ‘ईश्वर’ जोडून शिवाचं नाव ठेवायचं, अशी ती पद्धत. तिथेही फोड पक्की झाली ती राजाचं नाव आधीच ठाऊक होतं म्हणून.

प्रश्न : याच मुलीचा दुसरा प्रश्न. मराठीत आपण ‘एकेक’ म्हणतो, संस्कृतात ‘एकैक’ आहे. यातलं चूक कोणतं?

उत्तर : दोन्ही बरोबर. मराठी स्वर मिसळत नाही, एक स्वर सरळ गाळते. एक + एक मध्ये पहिल्या शब्दाचा शेवटचा अ गेला आणि ए उरला. ‘घाम + ओळे’ याचं ‘घामोळे’ तसंच. कधी उलट, नंतरचा स्वर जातो : नदी + आत याचं ‘नदीत’, लाडू + आत याचं ‘लाडूत’. शाळेच्या व्याकरणात याला पररूप आणि पूर्वरूप म्हणतात. मराठीच्या या सवयीनं नाव बनलं असतं तर अ गळून ‘हुडकीश्वर’ झालं असतं. मधला ए सांगतो की नाव संस्कृतच्या रीतीनं जोडलं गेलं आहे.

प्रश्न : सरकारी पत्रांत ‘उपरोक्त’ दिसतं, पुस्तकात ‘उपर्युक्त’. कोणतं लिहायचं?
— दुसरे एक वाचक, नागपूर

उत्तर : उपर्युक्त. मूळ शब्द ‘उपरि’ आहे, शेवटी इ. तिच्यापुढे उ हा वेगळा स्वर आला की इ चा य् होतो, जसं इति + आदि याचं ‘इत्यादी’. ओ येण्यासाठी आधी अ किंवा आ लागतो, म्हणजे ‘उपर’ असा शब्द धरावा लागतो. हिंदी ‘ऊपर’ कानात असल्यानं ही गल्लत होत असावी.

‘अत्याधिक’ ही याच घराण्यातली चूक. अति + अधिक : इ चा य् झाला आणि ‘अधिक’मधला अ ऱ्हस्वच राहिला, म्हणून ‘अत्यधिक’. ‘अत्याचार’मध्ये आ आहे, कारण पुढचा शब्दच ‘आचार’ आहे. शंका आली की पुढचा शब्द सुटा म्हणून पाहा. ‘आधिक’ असं आपण म्हणत नाही, तेवढ्यानं निकाल लागतो. आणि ‘गुरुपदेश’ लिहिताना रु दीर्घ करा, कारण गुरु + उपदेश मध्ये दोन उ आहेत आणि त्या दोघांचा मिळून ऊ झाला आहे : गुरूपदेश.