गाडीत बघायचं नाटक: आधी उतरवून घ्यायला खर्च किती, नियम काय

थाटीपुरातून पुण्याला माहेरी निघालेल्या घराचा हिशेब बघू. ग्वाल्हेर स्टेशनवरून झेलम एक्सप्रेस पकडली, की दिवस-रात्र मिळून जवळजवळ सगळा वेळ गाडीत जातो. वाटेत रेंज येते-जाते. अशा वेळी यूट्यूबवरची दोन मराठी नाटकं, प्रत्येकी अडीच तासांची, आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवायची आहेत.

फुकटात काय मिळतं? भारतात यूट्यूबच्या मोबाईल ॲपमध्ये पैसे न भरताही बऱ्याच व्हिडिओंखाली डाउनलोडचं बटण असतं. दर्जा मात्र खालचा मिळतो, आणि काही व्हिडिओंवर बटण दाबलं की ॲप प्रीमियम घ्यायला सांगतं. ३६० पी दर्जाला तासाला साधारण पाव जीबी धरा. रंगमंचावरच्या चित्रीकरणात हालचाल कमी असल्याने कधी त्याहूनही कमी लागतं. म्हणजे पाच तासांना सव्वा जीबी. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जमध्ये हे बसतं, पण दिवसभर रील बघून झाल्यावर रात्री अकराला सुरुवात केलीत तर अर्ध्यावर अडकेल. बारा वाजून नवा कोटा सुरू होईपर्यंत थांबावं, किंवा घरचं वायफाय वापरावं. ७२० पी हवं असेल तर तिप्पट डेटा आणि फोनमध्ये चारेक जीबी मोकळी जागा धरून चला.

तो दर्जा प्रीमियमला मिळतो. ऑगस्ट २०२४च्या दरवाढीनंतर एकट्याचा मासिक दर १४९ रुपये झाला, कुटुंबाचा २९९. एकाच प्रवासापुरतं हवं असेल तर १५९ रुपयांचा एका महिन्याचा प्रीपेड घ्यावा असं माझं मत. दहा रुपये जास्त जातात, पण पुढच्या महिन्यात खात्यातून आपोआप पैसे कापले जात नाहीत. ‘नंतर बंद करू’ म्हणून घेतलेल्या मासिक योजना कितीजण वेळेवर बंद करतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आता फोनमध्ये नेमकं काय येतं ते पाहू. गॅलरीत शोधाल तर नाटक दिसणार नाही. फाइल कुलूप लावूनच उतरते, ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात राहते आणि किल्ली त्या ॲपकडेच असते. सेटिंगमधून ती मेमरी कार्डावर ठेवता येते, पण ते कार्ड आत्याच्या फोनमध्ये घातलं तर काहीच चालणार नाही. पैसे भरून आपण विकत घेतो ती पाहण्याची परवानगी. प्रत आपल्या मालकीची होत नाही. म्हणूनच तिला मुदत असते. प्रीमियमवाल्यांचा फोन तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडला जावा लागतो. फुकट उतरवलेले काही व्हिडिओ ४८ तासच चालतात, काही २९ दिवसांपर्यंत. चॅनेलवाल्याने मूळ व्हिडिओ काढून टाकला, की फोन पुन्हा नेटला जोडला जाताच आपल्याकडचाही जातो. प्रीमियम संपलं, की त्यातून उतरवलेलं सगळं जातं.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री फोन एरोप्लेन मोडवर टाकायचा आणि दोन्ही नाटकं मधूनच कुठूनतरी लावून बघायची. चाललं तर उतरलं. फिरतं चक्र दिसलं तर अजून घरीच आहात, पुन्हा उतरवता येईल.

नेटफ्लिक्सची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तिथे काही कार्यक्रमांची मुदत ‘प्ले’ दाबल्यापासून ४८ तासांची असते. तपासणीच्या नावाखाली दोन दिवस आधी दाबून बघाल तर ऐन गाडीत मुदत संपलेली असेल.

बाहेरच्या ‘डाउनलोडर’ संकेतस्थळांचं काय? यूट्यूबच्या अटी सांगतात, की ॲपने स्वतः दिलेली सोय किंवा यूट्यूबची आणि गरज असेल तिथे हक्कधारकाची लेखी परवानगी, याखेरीज व्हिडिओ उतरवायचा नाही. अट मोडली तर खातं बंद होऊ शकतं. कायदा हा वेगळा विषय. कॉपीराइट कायद्यात खाजगी वापरासाठी रास्त वापराची सवलत आहे. पण २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. मोबाईलच्या दुकानात पैसे घेऊन कार्डात सिनेमे भरून देणं तर सरळ कलम ६३ खाली येऊ शकतं.

एका बाबतीत मात्र मोकळीक आहे. तुमच्या मंडळाने गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण स्वतःच्या चॅनेलवर टाकलं असेल, तर ज्याच्याकडे चॅनेलचा लॉगिन आहे त्याने संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडावा आणि त्या व्हिडिओच्या तीन टिंबांतून डाउनलोड घ्यावं. साधी एमपी४ फाइल येते. तिला कुलूप नाही, मुदतही नाही. पेन ड्राइव्हवर घालून पुण्याच्या आत्याच्या टीव्हीला लावा, खुशाल चालेल. दर्जा मात्र मुळापेक्षा कमी झालेला असू शकतो. मूळ फाइल हवी असेल तर ती गूगल टेकआउटमधून मागवावी लागते.