टॅलीचे आकडे मोबाइलवर पुसट का दिसतात?

प्रश्न : मी टॅलीचे धडे ओबीएसने रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवते. आकडे वाचताच येत नाहीत. फोर-के स्क्रीन घ्यावा लागेल का?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : ताई, तो खर्च करू नका. उलट फोर-केवर अक्षरे आणखी बारीक होऊ शकतात. तुमचा स्क्रीन १९२० × १०८० असेल, तर त्यावरचे १२ पिक्सेल उंचीचे अक्षर ७२० च्या व्हिडिओत ८ पिक्सेलचे उरते. तेवढ्यात ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात.

म्हणून रेकॉर्डिंगपूर्वी विंडोजचे डिस्प्ले रिझोल्यूशनच १२८० × ७२० करा. ओबीएसमध्येही कॅनव्हास आणि आउटपुट दोन्हीकडे हाच आकडा ठेवा. लॅपटॉपवर चित्र किंचित मऊ दिसेल. घाबरू नका, रेकॉर्डिंग स्वच्छच येते.

लाल-निळ्या अक्षरांबाबत मात्र सावध राहा. आकुंचित व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा टिकतो, रंग मात्र साधारणपणे चार पिक्सेलना मिळून एकच. त्यामुळे निळ्यावरचे लाल अक्षर फुटते, पांढऱ्यावरचे काळे टिकते.

फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. आधी एका मिनिटाची चाचणी साध्या मोबाइलवर पाहा. व्हाउचरमधले ३ आणि ८ वेगळे ओळखता आले, की पूर्ण धडा रेकॉर्ड करा.