सीडीचा वर्णपटदर्शक: प्रस्तावात नेमके काय लिहायचे?

नववी-दहावीतल्या मुलांचे पालक विचारतात, "सीडी आणि पुठ्ठ्याच्या नळीचा प्रकल्प फार साधा नाही का? त्यातून पुढे काय?" वस्तू साधीच आहे, आणि परीक्षकांनी ती अनेकदा पाहिलेली असते. म्हणून "प्रकाशातले सात रंग दाखवणे" असा उद्देश लिहिलेला प्रस्ताव मागे पडतो. रंग दिसणार हे आधीच ठाऊक आहे. प्रस्तावात प्रश्न हवा, तोही आकड्यात उत्तर येईल असा. उदाहरणार्थ, आमच्या घरातल्या एलईडी दिव्याचा निळा प्रकाश किती नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वांत तेजस्वी असतो?

आता रचना. फॉइलच्या रोलची साधारण 20 सेंटिमीटर लांब नळी घ्या आणि आतून काळा कागद लावा. एका टोकाला दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून बारीक फट ठेवा (हे काम मोठ्यांनी करावे). दुसऱ्या टोकाजवळ नळीला तिरका छेद देऊन सीडी बसवा आणि बाजूला, नळीला काटकोनात, डोळ्यासाठी भोक पाडा. सीडीवरच्या खाचा एकमेकींपासून 1.6 मायक्रोमीटरवर असतात. त्यांच्यामुळे प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो. बहुतेक मुले इथेच अडतात. सीडी 45 अंशात बसवली, तर भोकातून फटीचे पांढरे प्रतिबिंबच दिसते. नळीच्या अक्षाशी 60 अंश ठेवली, की पिवळा रंग भोकासमोर येतो. फटही सीडीच्या त्या जागेवरच्या खाचांना समांतर हवी, नाहीतर रेषा पुसट दिसतात.

फटीची रुंदी प्रस्तावात जरूर लिहा, कारण उपकरणाची कुवत तिच्यावर ठरते. 0.2 मिलिमीटरची फट 20 सेंटिमीटरवर असेल, तर साधारण दीड नॅनोमीटरपेक्षा जवळचे रंग वेगळे दिसणार नाहीत. फट 1 मिलिमीटर केली, की हीच मर्यादा सातवर जाते. चित्र उजळ दिसते, पण रेषा एकमेकींत मिसळतात.

मोजण्यासाठी पट्टी लागते, आणि ती जुन्या सीएफएल दिव्यात आयती मिळते. त्यातल्या पाऱ्याच्या दोन ठळक रेषा, निळी 436 आणि हिरवी 546 नॅनोमीटर, कायम त्याच जागी असतात. मोबाइल भोकाला घट्ट बांधा, फोकस आणि झूम बदलू नका, आणि सीएफएलचा फोटो घ्या. समजा निळी रेषा फोटोच्या कडेपासून 820व्या पिक्सेलवर आणि हिरवी 1260व्या पिक्सेलवर आली. म्हणजे 440 पिक्सेलमध्ये 110 नॅनोमीटर, एका पिक्सेलला पाव. मग नळी जागची न हलवता सीएफएल काढून तिथे एलईडी दिवा लावा. निळा भाग 876व्या पिक्सेलवर सर्वांत तेजस्वी असेल, तर उत्तर 436 अधिक 14, म्हणजे 450 नॅनोमीटर.

खरी परीक्षा पुढे आहे. सीएफएलच्या लेपातून येणारी 611 नॅनोमीटरची तांबडी रेषा या पट्टीने मोजून पाहा. ती 1520व्या पिक्सेलवर यायला हवी. 1528वर आली, तर पट्टी 2 नॅनोमीटरने चुकते. हा आकडा प्रस्तावातच "अपेक्षित चूक कशी तपासणार" या मथळ्याखाली लिहा. परीक्षक नेमके तेच विचारतात, आणि उत्तर मुलानेच द्यायचे असते. मोबाइल आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करतो, म्हणून कोणता रंग किती तेजस्वी आहे याची तुलना करू नका. दावा फक्त रेषांच्या जागेचा करा.

सूर्यावर नळी कधीही रोखू नका. दिवसाचा प्रकाश हवा असेल, तर सूर्याच्या विरुद्ध दिशेचे आकाश पुरते.

"पुढे काय" याचे एक उत्तर कोल्हापूरच्या फौंड्रींमध्ये मिळेल. तिथे वितळलेल्या लोखंडाचा छोटा नमुना घेऊन त्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि ठिणगीच्या प्रकाशातल्या रेषांवरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती आहे ते काढतात. तिथले यंत्रही आधी ज्ञात नमुन्यावर जुळवून घ्यावे लागते. अशा प्रयोगशाळेत धातुशास्त्राचा डिप्लोमा केलेली किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली मुले काम करू शकतात. औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणीतही वर्णपटाचीच यंत्रे वापरतात. मुलाला रंग बघण्यापेक्षा ती 2 नॅनोमीटरची चूक शोधण्यात रस वाटला, तर या शाखांची माहिती काढायला हरकत नाही.

सीएफएल आता दुकानांत क्वचितच मिळतो. प्रस्ताव देण्याआधी चालू दिवा शोधून ठेवा आणि तो फुटणार नाही याची काळजी घ्या, कारण आत पारा असतो.