रात्री दोनची प्रत

१. ‘डिलीट झालेलं परत येईल का?’ असं कुणी दुकानात विचारलं, की मी आधी ‘कधी उडालं?’ असं उलट विचारतो. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास सगळ्या चॅटची प्रत फोनमध्येच काढून ठेवतं. सकाळी दहाला आलेला आणि दुपारी बाराला पुसलेला मेसेज त्या प्रतीत गेलेलाच नसतो. मधल्या वेळात कुणी हाताने बॅकअप घेतला असेल तरच आशा. पैसे घेऊन ‘सगळं परत आणतो’ म्हणणाऱ्या ॲपांच्या नादी लागू नये.

२. लोकांचा भरवसा गूगल ड्राइव्हवर असतो. पण तिथे एकच प्रत राहते. नवी गेली की जुनी पुसली जाते, म्हणजे तुमची चूकसुद्धा इमानेइतबारे वर जाऊन बसते. फोनमध्ये मात्र मागच्या साधारण आठवड्याभराच्या तारीखवार प्रती असतात. चुकून पुसलेल्या चॅटसाठी त्यामुळे फोन बरा. आयफोनवाल्यांना ही सोय नाही. त्यांची सगळी भिस्त आयक्लाउडमधल्या एका प्रतीवर.

३. डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका काकूंच्या नातवाने मंगळवारी दुपारी ऑर्डरींची अख्खी चॅट साफ केली. काकू आल्या गुरुवारी संध्याकाळी. ड्राइव्हवरची प्रत गुरुवार पहाटेची, म्हणजे तीही साफच. मी फाइल मॅनेजरमधून हे फोल्डर उघडलं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

आत `msgstore.db.crypt14` ही ताजी प्रत आणि तिच्याखाली तारखांच्या फाइली. नावातल्या तारखेवर न थांबता मी प्रत्येकीचा ‘शेवटचा बदल’ आणि आकार पाहतो. मंगळवार पहाटेची फाइल चांगली भरलेली होती, बुधवारची एकदम हलकी. नातवाचा पराक्रम तिथेच दिसला.

आता घाई करायची नाही. जुनी प्रत बसवली की तिच्यानंतरचे सगळे मेसेज जातात. जुनं आणि नवं एकत्र शिवून मिळत नाही. म्हणून मंगळवार ते गुरुवारच्या कामाच्या चॅट आधी ‘एक्स्पोर्ट’ करून काकूंच्या ईमेलवर पाठवल्या. मग `WhatsApp` हे अख्खं फोल्डर संगणकावर उतरवून घेतलं, कारण ॲप काढताना कुठला फोन काय पुसेल याचा नेम नाही. त्यानंतर ताज्या फाइलचं नाव बदलून ती बाजूला केली आणि मंगळवारच्या फाइलच्या नावातली तारीख व तिच्यापुढचा `.1` काढून तिला `msgstore.db.crypt14` केलं. शेवटचा आकडा जो असेल तोच ठेवायचा. 12 चा 14 केला तर फाइल उघडत नाही.

ॲप काढून परत टाकल्यावर ते आधी ड्राइव्हकडे धावतं. तिथे गूगल खात्याची परवानगी नाकारायची. तरीही ऐकत नसेल तर खातं तेवढ्यापुरतं फोनमधून काढायचं. नंबर मात्र तोच हवा, कारण फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली त्या नंबरच्या पडताळणीनंतरच मिळते. नंबर बंद पडलेल्या सिमचा असेल, तर फाइल हातात असून उपयोग शून्य.

४. काकूंच्या ऑर्डरी आल्या, फोटो धुरकट आले. `msgstore` मध्ये मजकूर असतो; फोटो आणि व्हॉइस नोट वेगळ्या `Media` फोल्डरमध्ये. चॅट साफ करताना ‘मीडियाही पुसा’वर टिचकी असेल, तर फोनमधल्या प्रतीतून फक्त धुरकट चौकोन मिळतो. पत्ते हस्ताक्षरात लिहून फोटो पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांना काकूंनी पुन्हा फोन केले.

५. फोन चोरीला गेला, पाण्यात पडला, रीसेट झाला, की हे सगळं फोल्डर त्याच्याबरोबरच जातं. तिथे ड्राइव्हला पर्याय नाही. पण सेटिंगमध्ये ‘मासिक’ निवडून ठेवलेलं असेल, तर महिन्याभरापूर्वीचं मिळतं. ड्राइव्हवरची प्रत पाच महिने ताजी झाली नाही तर ती आपोआप काढली जाऊ शकते. शिवाय अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगलच्या 15 जीबीच्या फुकट जागेत मोजला जातो. जागा भरली की बॅकअप अडतो, आणि रोजच्या धबडग्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही. चॅट बॅकअपच्या पानावर ‘लोकल’ आणि ‘गूगल’ यांच्या तारखा वेगवेगळ्या दिसतात. गूगलची तारीख मागे पडली असेल तर दुखणं तिथेच आहे.

६. बॅकअपला ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ लावलं असेल, तर पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली लागते. ते कुलूप फोनमधल्या प्रतीलाही लागतं. अशा फाइलच्या शेवटी बहुधा `crypt15` असतं. फोनही गेला आणि पासवर्डही विसरला, तर कंपनीकडेही दुसरी किल्ली नसते. म्हणून फाइलींना हात लावण्याआधी मी शेपटीचा हा आकडा बघतो, आणि 15 दिसला की पासवर्ड आठवल्याशिवाय ॲप काढूच देत नाही.