दहावीचा मुलगा, वीस रुपयांची बाटली आणि मिलिग्रॅमचा हिशोब



आपलं माण गाव आता हिंजवडीच्या आयटी पार्कला चिकटलं आहे. पार्कचा तिसरा टप्पा तर आपल्याच गावच्या जमिनीवर आहे. आपल्या मुलांचे कितीतरी पालक तिथे रात्रपाळी करतात. कुणी कंपनीत, कुणी सिक्युरिटीत, कुणी कॅबवर. जागं राहायचं म्हणजे चहा, कॉफी नाहीतर ती थंड, रंगीत बाटली घ्यायची, हे मुलं घरातच बघत असतात. मग दहावीचं वर्ष आलं की तीही तेच करतात. आज याच विषयाचा एक धडा आपण हिशोब मांडून शिकू या.

डोकेदुखी फक्त रविवारी

माझ्या वर्गात दहावीचा एक मुलगा होता. डिसेंबरात सराव परीक्षेच्या तोंडावर तो पहिल्या तासाला पेंगायला लागला. एकदा त्याचे हात थरथरताना दिसले. विचारलं तर म्हणाला, "सर, छातीत धडधडतंय, पेपरचं टेन्शन असेल." त्याच्या आईला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "सर, याचं डोकं फार दुखतं हो. चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासले, पण नंबर काही निघाला नाही."

मी विचारलं, "ताई, डोकं रोज दुखतं का?" त्यांनी जरा आठवून सांगितलं, "रोज नाही. रविवारी दुखतं. सुट्टीच्या दिवशीच नेमकं."

इथेच धागा सापडला. डोळ्यांमुळे किंवा अभ्यासामुळे डोकं दुखत असतं, तर ते शाळेच्या दिवशीही दुखलं असतं. रविवारी असं काय वेगळं होतं? तर रविवारी क्लास नसायचा, म्हणून क्लासच्या वाटेवरची बाटली नसायची. रात्रीची कॉफीही शनिवारी आणि रविवारी नसायची, कारण दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाची घाई नसायची. रोज कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक थांबवलं किंवा बरंच कमी केलं, की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, सुस्ती येते. एक कप कॉफी घेतली की दुखणं पळतं. त्यामुळे "कॉफीने बरं वाटतं" असा उलटा धडा मूल शिकतं. डोकेदुखी सुट्टीच्याच दिवशी होते का, हे पालकांनी जरूर बघावं.

आता हिशोब मांडू

कॅफीन मिलिग्रॅममध्ये मोजतात. कशात किती असतं याचे भारतातले आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत दिले आहेत. १५० मिलीच्या कपामागे चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टरसारख्या उकळत्या पाण्यात उतरवलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं.

एनर्जी ड्रिंकचा आकडा बाटलीवर शोधावा लागतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. इथे मुलांची आणि आपलीही एक चूक होते. लेबलवर बहुधा १०० मिलीमागचा आकडा छापलेला असतो. ३० लिहिलेलं दिसलं की वाटतं, चहापेक्षाही कमी! पण कुणी १०० मिली पिऊन थांबत नाही. त्या आकड्याला अडीचने गुणायचं, तेव्हा खरे ७५ येतात.

आमच्या मुलाचा शाळेच्या दिवसाचा हिशोब असा निघाला: सकाळी ७ वाजता चहा, अंदाजे ४० मिलिग्रॅम. संध्याकाळी ५ वाजता क्लासला जाताना बाटली, ७५. रात्री १० वाजता इन्स्टंट कॉफी, ६०. एकूण १७५ मिलिग्रॅम.

हे जास्त की कमी? मोठ्या माणसासाठी राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. म्हणून वडील म्हणाले, "एवढं तर चालतं की!" पण हा मुलगा मोठा माणूस नाही आणि त्याचं वजन ४८ किलो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी आणि किशोरांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम ही पातळी सांगितली. ४८ गुणिले ३ म्हणजे १४४. कॅनडाचं आरोग्य खातं अडीच मिलिग्रॅम धरतं, म्हणजे १२०. दोन्ही मापांनी आपला मुलगा मर्यादेच्या पुढे होता आणि तेही "एकच बाटली" पिऊन.

इथे एक लक्षात ठेवा. मुलांवर कॅफीनचे पुरेसे अभ्यास नाहीत, म्हणून युरोपचा आकडा मोठ्यांच्या माहितीवरून काढलेला आहे. तेव्हा १४४ ही ओलांडू नये अशी रेघ समजा. रोज तिथपर्यंत जायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

घड्याळही बघा

एकूण आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची असते. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. ॲडेनोसिन तिथेच असतं, फक्त त्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. म्हणून कॅफीनने थकवा जात नाही, तो फक्त कळत नाही. बाटलीवर "एनर्जी" लिहिलेलं असलं, तरी कॅफीन शरीराला अन्नासारखी ऊर्जा देत नाही.

पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. आता आपल्या मुलाची रात्र बघा. ५ वाजताच्या बाटलीतले ७५ मिलिग्रॅम रात्री १० वाजता सुमारे ३७ उरले. त्याच वेळी कॉफीचे ६० त्यात पडले. झाले ९७. पहाटे ३ वाजता त्याचे निम्मे, म्हणजे सुमारे ४८ मिलिग्रॅम अंगात शिल्लक. पहाटे तीनला मुलाला उठवून कपभर चहा पाजावा, तसंच हे झालं! झोप लागली तरी ती गाढ लागत नाही. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी. रात्रभर पाठ केलेलं पक्कं बसतं ते झोपेतच. तीच कापली, की सकाळी पेंग येते आणि पेंग आली की पुन्हा बाटली.

"मग बाटली बंद, कॉफी चालेल ना?"

हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो. फक्त कॅफीन मोजलं, तर फिल्टर कॉफीचा एक कप बाटलीपेक्षा जास्त भरू शकतो. म्हणून बाटली बंद करून दोन मग कॉफी दिली, तर काही साधलं नाही. फरक पिण्याच्या पद्धतीत आहे. गरम कॉफी घोट घोट जाते. थंड, गोड बाटली मूल दोन मिनिटांत संपवतं, आणि मित्र सोबत असले की दुसरीही उघडतं. शिवाय तिच्यात साखर वेगळी.

लेबलवर आणखी एक ओळ असते: दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये. मुलं ती वाचून म्हणतात, "सर, दोन बाटल्या चालतात, लिहिलंय ना!" त्यांना शेजारची ओळही वाचायला सांगा. मुलांसाठी, गरोदर व स्तनदा मातांसाठी आणि कॅफीन न सोसणाऱ्यांसाठी हे पेय नाही, असं तिथेच छापलेलं असतं. ५०० मिली म्हणजे १५० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या ४८ किलोच्या मुलाची रेघ तेवढ्यानेच ओलांडली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २०११ मध्येच सांगितलं, की मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही. जुलै २०२४ मध्ये आपले तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनीही शाळेपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीला बंदी घालण्याची घोषणा विधान परिषदेत केली. पण क्लास ५०० मीटरच्या पलीकडे असतो. तिथे मुलाला स्वतःचा हिशोब स्वतःच करता यायला हवा.

मुलाशी काय बोलायचं?

"हे विष आहे" असं म्हणू नका. त्याने पन्नास वेळा प्यायलंय आणि त्याला काही झालेलं नाही, त्यामुळे तुमचं पुढचंही तो ऐकणार नाही. त्यापेक्षा कागद-पेन घेऊन बसा आणि विचारा, "काल सकाळपासून काय काय प्यायलास? किती वाजता?" वजन गुणिले ३ त्यालाच करू द्या. पहाटे ३ चा आकडाही त्यालाच काढू द्या. आमच्या मुलाने तो काढला आणि आपणहून म्हणाला, "म्हणजे सर, मी झोपतच नाहीये."

त्याच वेळी स्वतःच्या कपाचाही हिशोब मांडा. बाबा चार वेळा कॉफी घेत असतील, तर ते मुलाला दिसतंच.

एकदम बंद करायला लावू नका, नाहीतर तीच डोकेदुखी ऐन पेपरला येईल. आम्ही आधी रात्रीची कॉफी काढली, तिथे दूध आलं. १७५ चे ११५ झाले. पाच दिवसांनी बाटली अर्धी केली आणि दुपारी ३ च्या आत आणली, सुमारे ७८ झाले. आणखी पाच दिवसांनी बाटली गेली, सकाळचा चहा तेवढा राहिला. मधे दोन दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग ओसरली. हे सगळं बोर्डाच्या परीक्षेच्या निदान तीन आठवडे आधी करा.

काही वेळा मात्र हिशोब करत बसू नका. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, धडधड थांबेना किंवा सारख्या उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि काय व किती प्यायलं ते सांगा, शक्यतो बाटली सोबत घेऊन जा. ज्या मुलाला हृदयाचा आजार किंवा फिट्सचा त्रास आहे, किंवा ज्याची रोजची औषधं चालू आहेत, त्याच्यासाठी वरचं माप वापरू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला कॅफीन नकोच.

शिक्षकांनी हा धडा गणिताच्या तासालाही घ्यावा. रिकाम्या बाटल्यांची लेबलं आणा, अडीचने गुणायला लावा, दर ५ तासांनी निम्मं करत तक्ता काढायला सांगा. एक तास पुरतो. तक्ता घरी न्यायला सांगा, म्हणजे आईबाबांच्याही नजरेस पडेल.