विद्यार्थ्यांसाठी साप्ताहिक वेळापत्रक : छापण्यापूर्वी माप घ्या

जून महिन्यात गणवेशाच्या कापडासोबत मुलांना छापील वेळापत्रक भेट देण्याचा आमच्या दुकानाचा रिवाज आहे. पहिल्या वर्षी मी सर्व चौकटी रंगीत छापून घेतल्या. तक्ता देखणा झाला, पण कामाचा ठरला नाही. कुणाची शाळा सकाळची, कुणाची दुपारची; छापलेले रंग कुणालाच जुळेनात. शिवाय गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल नीट उमटेना. पाचशे प्रती वाया गेल्या. व्यापारी बंधूंनी ही चूक टाळावी म्हणून आता आम्ही करतो ती आखणी येथे देत आहे.

ए-४ कागद आडवा धरल्यास रुंदी २९७ व उंची २१० मिलिमीटर असते. चारही बाजूंनी १० मिलिमीटर समास सोडा. उरलेल्या २७७ पैकी २५ मिलिमीटरचा रकाना वेळेसाठी ठेवा. बाकी २५२ सात वारांत वाटल्यास प्रत्येकी ३६ येतात. उंचीचे १९० उरतात. त्यात नावाची पट्टी १५, वारांची १०, पंधरा-पंधराच्या आठ ओळींचे १२० आणि तळाशी टिपणासाठी ४५. टिपणाच्या जागेत ९ मिलिमीटर अंतराच्या पाच ओळी बसतात. पंधराच्या चौकटीत दोन ओळी लिहिता येतात : वर ‘गणित’, खाली ‘उदाहरणसंग्रह ३’. चौकट याहून लहान केली तर मूल फक्त विषय लिहील, काय करायचे ते राहून जाईल.

वेळेच्या रकान्यात घड्याळाचे आकडे छापू नका. मुंबईत मगरिबची वेळ डिसेंबरच्या सुरुवातीस सहाच्या सुमारास, तर जुलैच्या सुरुवातीस सव्वासातच्या पुढे असते. म्हणून ‘फजरनंतर’, ‘मगरिबनंतर’ एवढेच छापावे व बाकीच्या ओळी मोकळ्या ठेवाव्यात. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी वेळेचा रकाना उजवीकडे घ्यावा आणि वार उजवीकडून डावीकडे मांडावेत.

रंगांची फक्त खूण छापा : शाळा, अभ्यास, मकतब व खेळ अशी चार छोटी घरे. चौकटी पांढऱ्याच राहू द्या. मूल आपल्या रंगीत पेन्सिलीने त्या भरील. प्रत्येक रंगाबरोबर ‘शा’, ‘अ’, ‘म’, ‘खे’ ही अक्षरेही द्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फिका पिवळा नाहीसा होतो, लाल मात्र काळपट येतो. तेव्हा अक्षरच उपयोगी पडते.

कागद साधा मॅपलिथो घ्यावा. संगणकावरून नमुना काढताना Fit ऐवजी Actual size निवडा, नाहीतर तक्ता आकसतो. पट्टीने एक चौकट मोजा. ३६ भरली तर ठीक. मग तो नमुना एखाद्या मुलाकडून भरून घ्या आणि त्याची झेरॉक्स काढून पाहा. अक्षरे व रेघा दोन्ही स्पष्ट वाचता आल्या, तरच छापखान्यात द्या.