पायांसाठी पहिल्यांदा एपिलेटर: खर्च, दुखणं आणि आत अडकलेले केस

तोंडवलीत राहणाऱ्या मुलीला पायांचं वॅक्सिंग करायचं तर बहुतेक वेळा मालवण गाठावं लागतं. समजा पार्लरचे चारशे आणि जाण्यायेण्याचे साठ, म्हणजे एका खेपेला 460 रुपये. तीन हजारांच्या आसपासचा एपिलेटर सात खेपांत वसूल होतो. आठ हजारांचा घेतला तर अठरा खेपा, म्हणजे दर महिन्याला जाणारीला दीड वर्ष. तुमच्या पार्लरचा दर घालून हाच हिशेब करा. नंतर लावायचं लोशन दोन्हीकडे लागतं, म्हणून ते यात धरलेलं नाही.

फक्त पायांसाठी महागडं यंत्र लागत नाही. दोन वेग, धुता येणारं डोकं आणि दिवा एवढं पुरे. दिव्यात बारीक केस दिसतात. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून चार्जिंगवर चालणारं बरं. बहिणीबहिणींनी एकच यंत्र वापरू नये. चिमट्यांवर रक्ताचा अंश राहू शकतो, त्यामुळे निदान डोकं तरी प्रत्येकीचं वेगळं हवं.

एपिलेटरच्या फिरत्या डोक्यात बारीक चिमट्यांची रांग असते आणि ते केस मुळासकट उपटतात. पहिल्या वेळी दुखतं ते एकाच वेळी खूप केस निघतात म्हणून. त्यात केस लांब असतील तर ओढ वाढते. त्यामुळे आधी रेझर फिरवा आणि केस दोन ते पाच मिलिमीटर वाढले की यंत्र हातात घ्या. आदल्या दिवशी ओल्या कापडाने किंवा मऊ स्क्रबने पाय हलके घासा आणि पोटरीवर तळहाताएवढ्या जागेत यंत्र फिरवून बघा. दुसऱ्या दिवशी तिथे फक्त लाल ठिपके असतील किंवा तेही गेले असतील, तर पुढे जा.

त्या दिवशी कोमट पाण्याने दहा मिनिटं आंघोळ करा आणि पाय पूर्ण कोरडे करा. खोबरेल तेल आधी लावू नका, चिमट्यांतून केस निसटतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाय लगेच घामेजतात, तेव्हा थोडी टाल्कम पावडर लावा. सुरुवात पोटरीपासून करा, कारण तिथे मांस असतं. नडगी, घोटा आणि गुडघ्यामागची लवण शेवटी. एका हाताने कातडी ताणून धरा, यंत्र काटकोनात ठेवा, कमी वेगावर केसांच्या उलट दिशेने सावकाश न्या. दाबू नका. दाबून किंवा घाईने फिरवलं की केस उपटण्याऐवजी तुटतो, आणि तुटलेला केसच पुढे आत अडकतो. पहिल्या दिवशी गुडघ्याखालचा एकच पाय केला तरी चालेल. पाळीच्या तोंडावर अनेकींना जास्त दुखतं, ते दिवस टाळा.

बधिर करणारं मलम पूर्ण पायाला चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. लेझरने केस काढण्यापूर्वी असं केलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2007 मध्ये जाहीर इशारा दिला होता. मोठ्या भागातून ते औषध रक्तात उतरतं आणि मेंदूवर, हृदयावर परिणाम करतं. दुखलं तर थांबा, कापडात गुंडाळलेला बर्फ धरा.

केस काढायचं काम संध्याकाळी करा, म्हणजे लाली रात्रीत उतरते. नंतर साधं कोरफडीचं जेल पुरेल. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तळाशीलच्या वाळूत आणि समुद्रात पाय नकोत, घट्ट लेगिंगही नको. उघड्या छिद्रांत वाळू, घाम आणि जंतू गेले तर पुळ्या येतात. यंत्राचं डोकं ब्रशने साफ करून स्पिरिटने पुसा.

आठ-दहा दिवसांत पुन्हा केस दिसले तर यंत्र वाया गेलं असं समजू नका. केस एकाच वेळी उगवत नाहीत, त्या दिवशी कातडीखाली असलेले आता वर आलेले असतात. दोन-तीन वेळा केल्यावर अंतर तीन-चार आठवड्यांवर जातं.

खरा चिवट त्रास आत अडकलेल्या केसांचा. उगवताना टोक बारीक असतं, वर मृत कातडीचा थर असतो, त्यामुळे केस वळून आतच वाढतो आणि गाठ येते. तीन दिवसांनंतर आठवड्यातून दोनदा हलकं घासा, किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा युरिया असलेलं लोशन लावा. गाठ नखाने उकरू नका, आपल्या सावळ्या त्वचेवर तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. कोमट पाण्याचं कापड दहा मिनिटं, दिवसातून दोनदा धरा. केसाचं वेटोळं वर दिसलं तर स्वच्छ सुईने फक्त टोक मोकळं करा, उपटू नका, नाहीतर तोच केस पुन्हा आत जाईल. लाली पसरत असेल, पू आला, पाय गरम लागला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. मधुमेह, फुगलेल्या शिरा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन गोळी चालू असेल, तर यंत्र विकत घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा.